गोड बातमी चार ओळींत

सोनोग्राफीचा फोटो बहुतेक जण मधली करडी आकृती बघण्यासाठी हातात घेतात, पण खरी माहिती असते ती कडेच्या बारीक अक्षरांत. वरच्या पट्टीत बाईचं पूर्ण नाव, बरेचदा वय, सेंटरचं नाव, तारीख आणि वेळ. खाली किंवा बाजूला GA 12w3d असं काहीतरी, म्हणजे गर्भाचं वय बारा आठवडे तीन दिवस. त्याशेजारी EDD, म्हणजे बाळंतपणाची अंदाजे तारीख. CRL म्हणजे डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी, जी या सुमारास सहा सेंटिमीटरच्या आसपास असते. हल्ली गोड बातमीसोबत हा फोटो जसाच्या तसा फॅमिली ग्रुपवर पडतो, आणि जे चार ओळींत सांगायचंच नव्हतं ते सगळं सव्वाशे लोकांच्या फोनमध्ये जाऊन बसतं.

त्यातला वयाचा आकडा फार घोटाळे करतो. हे आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भधारणा होते त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे बारा आठवड्यांच्या गर्भाचं खरं वय दहा आठवड्यांच्या आसपास असतं. हे डॉक्टरांना माहीत असतं, सासूबाईंच्या भिशीतल्या मंडळींना नसतं. लग्नाला तीनच महिने झालेल्या मुलीने असा फोटो टाकला, की कुणीतरी बोटांवर वजाबाकी करतंच, आणि ती दोन आठवड्यांनी चुकते. मग जी कुजबुज होते तिला उत्तर देणं अवघड, कारण तोंडावर कुणी विचारतच नाही. फोटो टाकायचाच असेल तर चारी कडा कापाव्यात. मी तर म्हणेन टाकूच नये. आईवडिलांना घरी बसून हातात द्यावा. त्याची मजा मोबाईलच्या स्क्रीनवर येत नाही.

माझ्या भाच्याकडे 2025 च्या मार्चमध्ये ही बातमी आली. भाचेसून बँकेत नोकरीला, राहायला पुण्यात. सासर साताऱ्याचं, माहेर नागपूरचं. पोस्टचा मसुदा तपासायला त्यांनी माझ्याकडे पाठवला, कारण लिहिणारी बाई घरात एवढी एकच. त्या निमित्ताने आमच्यात जे काय खल झाले, त्यांतच या प्रकाराच्या बहुतेक खाचाखोचा येऊन गेल्या.

पाळीचा पहिला दिवस 1 जानेवारी. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे, एवढाच तारखेचा हिशेब असतो: 8 ऑक्टोबर. एकूण 280 दिवस. मात्र मुदत भरली असं डॉक्टर मानतात ते 37 आठवड्यांपासून 42 पर्यंत. म्हणजे तिच्या बाबतीत 17 सप्टेंबरपासून 22 ऑक्टोबरपर्यंत कधीही. नेमक्या सांगितलेल्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात. तरीही लोक पोस्टमध्ये तारीख छापतात, आणि मग त्या तारखेच्या आदल्या संध्याकाळपासून फोन सुरू होतात. ‘काही हालचाल?’, ‘अजून नाही?’, ‘डॉक्टर काय म्हणाले?’ अवघडलेली बाई आधीच पंधरा दिवस नीट झोपलेली नसते. म्हणून आमच्या मसुद्यातून पहिली गळाली ती तारीख. तिच्या जागी ‘दसरा-दिवाळीच्या मध्ये’ असं आलं. त्या वर्षी दसरा 2 ऑक्टोबरला होता आणि दिवाळी 20 च्या सुमारास, म्हणजे हे नेमकंही होतं आणि ऐसपैसही.

सांगायचं कधी, हा प्रश्न त्याआधीचा. ‘तीन महिने कुणाजवळ बोलू नकोस’ हे आपल्याकडे प्रत्येक आजी सांगत आली आहे. कारण द्यायची ते दृष्टीचं, पण अनुभव दुसराच होता. दिवस गेल्याचं लक्षात आल्यानंतर शंभरातल्या साधारण दहा ते वीस गर्भारपणांत गर्भ आपोआप पडून जातो, आणि त्यातले बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत. बऱ्याच वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच गडबड असते. बाईने जड उचललं, प्रवास केला, पपई खाल्ली म्हणून नव्हे. हृदयाचे ठोके दिसले की धोका बराच कमी होतो, आणि अकरा ते चौदा आठवड्यांमधली ती एनटी स्कॅन नावाची सोनोग्राफी पार पडली की बहुतेक जोडपी सुटकेचा श्वास टाकतात. तेरा आठवड्यांच्या सुमारास येणाऱ्या पोस्टमागे हे एवढं असतं.

जुन्या बायकांनी यातून एक छान वाट काढली होती. तिसऱ्या महिन्यात कुठे कुठे चोरओटी भरतात. घरातल्या चार-पाच बायका, ओटी, एखादा गोड पदार्थ, आणि बाहेर चकार शब्द नाही. मग सातव्या महिन्यात डोहाळजेवण. तेव्हा गाव गोळा करा, फुलांची वाडी भरा, धनुष्यबाण हातात देऊन फोटो काढा. म्हणजे बातमीला दोन दारं होती, एक माजघराचं आणि एक ओसरीचं, आणि मध्ये चांगलं चार महिन्यांचं अंतर. आपण फोनमध्ये आणलं ते फक्त ओसरीचं दार.

माजघरात कुणाला घ्यायचं हे ठरवायची माझी कसोटी साधी आहे. वाईट काही झालं तर ज्यांना पहिला फोन कराल, त्यांना चांगलंही लवकर सांगून टाकावं. बारा आठवडे कुणालाच न सांगण्याचा एक तोटा असा, की मध्येच काही बिनसलं तर बाईला ते दुःखही गुपचूप सोसावं लागतं. सुट्टी कशाची घेतली हेसुद्धा खोटं सांगावं लागतं. भाचेसुनेने आठव्या आठवड्यातच आईला आणि एका मैत्रिणीला सांगितलं होतं. सासूबाईंना नव्हतं सांगितलं, आणि पुढे हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. तर त्यावर उपाय म्हणून एवढंच सुचवते, की दोन्ही आयांना एकाच दिवशी, पाठोपाठ फोन करावा. कोण आधी, याची नोंद वर्षानुवर्षं ठेवली जाते.

स्कॅन झाली शनिवारी, 29 मार्चला. दुसऱ्या दिवशी रविवार आणि गुढीपाडवा. भाच्याने तिथेच ठरवून टाकलं की गुढीच्या फोटोखाली बातमी द्यायची. त्याच्या बायकोने नाही म्हटलं, आणि मला तिचं म्हणणं पटलं. पाडव्याच्या सकाळी प्रत्येक ग्रुपवर शे-दीडशे गुढ्या उभ्या राहतात, त्यात ही बातमी कोण वाचणार? शिवाय स्कॅनबरोबर दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट यायचा होता. आणि तिच्या मॅनेजरला काही माहीत नव्हतं. ऑफिसातली निम्मी माणसं नंबर सेव्ह केल्यामुळे स्टेटस बघतात. साहेबांना बातमी शिपायाकडून कळली तर पुढे रजेची बोलणी करताना ते जड जातं. बँकेत 31 मार्चच्या तोंडावर हे बोलायची सोय नव्हती आणि 1 एप्रिलला सांगितलं तर कुणी खरं मानलं नसतं. म्हणून तिने बुधवारी, दोन तारखेला मॅनेजरला गाठलं. पहिल्या दोन मुलांपर्यंत पगारी रजा 26 आठवडे मिळते, ती कधीपासून घ्यायची याचं बोलणं त्यांनी पुढच्या महिन्यावर टाकलं.

पाडव्याला मात्र फोन झाले. सख्खे काका, आत्या, मामा, मावशी, दोन्हीकडचे आजी-आजोबा. इथे एक व्यवहाराची गोष्ट. ‘कुणाला सांगू नका हं’ असं म्हटलेली बातमी मराठी घरात संध्याकाळपर्यंत टिकत नाही. कारण ती बंदी कधी उठणार हे सांगितलेलं नसतं, आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्या जवळच्या एकाला सांगितलं तर काय बिघडलं. त्याऐवजी ‘पुढच्या शनिवारी आम्हीच ग्रुपवर टाकतोय, तोवर थांबाल ना आत्या?’ असं म्हटलं की आत्या थांबतात. मुदत ठरलेली असली की माणसं गुपित सांभाळतात. पोस्ट पडेल तेव्हा आपल्याला ते आधीच ठाऊक होतं, हा मान त्यांना हवा असतो.

रविवार सोडून शनिवार का, तर तो रविवार 6 एप्रिलचा, रामनवमीचा. त्या दिवशी बातमी टाकली असती तर ‘म्हणजे रामच येणार’ असे पन्नास मेसेज आले असते. भाचेसुनेला ते नको होतं.

आता मसुदा. भाच्याने लिहिलेला पहिला असा होता:

‘नमस्कार मित्रांनो! सांगायला अत्यंत आनंद होत आहे की परमेश्वराच्या कृपेने आणि थोरामोठ्यांच्या आशीर्वादाने आमच्या संसारवेलीवर एक गोंडस फूल उमलणार आहे! आमचा छोटा राजकुमार किंवा राजकुमारी 8 ऑक्टोबरला येत आहे! दोनाचे तीन होणार! पेढा की बर्फी? कमेंटमध्ये सांगा! तुमचे प्रेम असेच राहू द्या.’

यात वाईट असं काही नाही. पण हा कुणीही, कुणासाठीही लिहिलेला मजकूर आहे. वाचणाऱ्याला यातून भाचा भेटत नाही, आणि त्याची बायको तर यात कुठेच नाही. संसारवेल आणि फूल लग्नपत्रिकेवरून आलेलं. ‘दोनाचे तीन’ टीव्हीवरून. पाच उद्गारचिन्हं म्हणजे पाच वेळा दार वाजवणं. मी त्याला म्हटलं, तू शेजारच्या काकांना जिन्यात भेटलास तर काय सांगशील, ते लिही.

पेढा-बर्फी मी आधी काढायला लावलं. डोहाळजेवणात दोन वाट्या झाकून ठेवतात, बाई एक उचलते, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. तो घरातला खेळ आहे, कुणालाच काही माहीत नसतं, आणि कायद्याचाही त्यात भंग नाही. पण शंभर माणसांना जाहीरपणे विचारलं, की शंभरातली ऐंशी एकच वाटी उचलतात, हे आपण सगळे जाणतो. पहिली मुलगी असलेल्या घरात तर हा प्रश्न टोचतो.

कायद्याचं म्हणाल तर गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. त्यानुसार मुलगा की मुलगी हे शब्दांनी, खुणेने किंवा कुठल्याही प्रकारे गरोदर बाईला, नातेवाइकांना किंवा इतर कुणालाही कळवायला बंदी आहे. अमेरिकेत किंवा दुबईत राहणाऱ्या मराठी जोडप्यांना तिथे तपासणी करून कळू शकतं आणि निळा-गुलाबी केक कापणं तिथे गैर नाही. तो व्हिडिओ इकडच्या ग्रुपवर मात्र टाकू नये. 2024 मध्ये चेन्नईच्या एका यूट्यूबरने दुबईत तपासणी करून तसा व्हिडिओ टाकला, तेव्हा तमिळनाडूच्या आरोग्य खात्याने त्याला नोटीस धाडली आणि त्याला व्हिडिओ काढून माफी मागावी लागली. फोटोतल्या रंगांचंही तेच. इवलेसे निळे मोजे ठेवले तर लोक अर्थ लावतात. आमच्याकडे शेवटी पिवळे आले.

दुसरा मसुदा भाचेसुनेने लिहिला. तो होता दीड ओळींचा: ‘बाळ येतंय. ऑक्टोबरात. मी बरी आहे.’ मला हा फार आवडला होता, पण साताऱ्याच्या आजींना हे तारेसारखं वाटलं असतं, आणि तार म्हटली की त्या पिढीच्या छातीत धडकी भरते. शिवाय यात नावं नव्हती. स्टेटसवर नाव आपोआप दिसतं, म्हणून कुणी लिहीत नाही. पण काकू तो मजकूर कॉपी करून दुसऱ्या ग्रुपवर टाकतात तेव्हा ते नाव मागे राहतं, आणि तिकडे ‘अगं, कोणाकडे?’ सुरू होतं. एकदा तर एका काकूंनी असाच बिननावाचा मेसेज पुढे पाठवला आणि लोकांनी काकूंच्याच सुनेचं अभिनंदन केलं. दोघांची घरातली नावं मजकुराच्या शेवटी हवीतच.

शेवटचा मजकूर, खाली दोघांची नावं जोडून, असा गेला:

‘आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या मध्ये बाळ येणार आहे. तब्येत छान आहे, फक्त सकाळचा चहा सुटलाय. फोन उचलले नाहीत तर रागावू नका, झोप फार येते. भेटायला नक्की या, येताना कैऱ्या चालतील.’

पहिल्या वाक्यात बातमी आणि काळ. दुसऱ्यात तब्येत, कारण प्रत्येकाचा पुढचा प्रश्न तोच असतो. चहा सुटल्याचं वाक्य तिचं स्वतःचं. तिला ओळखणाऱ्या प्रत्येकाला तिथे हसू आलं असणार, कारण ही मुलगी दिवसाला सहा कप पिते. तिसऱ्यात फोनची हद्द आखली, पण कुणाला न दुखावता. चौथ्यात आमंत्रण आणि कामही दिलं. एप्रिल होता, पुढच्या आठवड्याभरात त्यांच्याकडे एवढ्या कैऱ्या आल्या की शेवटी तक्कू आणि पन्हं करून शेजारी वाटावं लागलं. सेंटरचं नाव नाही, डॉक्टरांचं नाही, आठवडे नाहीत. ‘कुठे दाखवलंय?’ असं ज्याला विचारायचं असेल तो विचारेलच, आणि उत्तर द्यायचं की नाही हे तिच्या हातात राहील.

पाठवायचं कसं, यातही निवड असते. ग्रुपवर टाकलं की सगळे एकमेकांची उत्तरं बघतात. पहिल्याने हार पाठवला की बाकीचे तोच उचलतात, आणि ज्याने काही लिहिलं नाही त्याच्याकडे बोट दाखवलं जातं. ब्रॉडकास्ट लिस्टने प्रत्येकाला वेगळा मेसेज जातो, फक्त ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, एवढी मर्यादा. स्टेटस चोवीस तासांत नाहीसं होतं आणि पाहणाऱ्यावर उत्तराचं ओझं पडत नाही. त्यांनी दोन्ही घरांच्या ग्रुपवर एकेकदा टाकलं आणि बाकीच्यांसाठी स्टेटस ठेवलं. मजकूर टाकल्यावर दुरुस्तीला पंधरा मिनिटं मिळतात, म्हणून नावांतली वेलांटी आधीच तपासलेली बरी.

स्टेटसच्या सेटिंगमध्ये My contacts except... असा एक पर्याय असतो. तो त्यांनी दोन व्यक्तींसाठी वापरला. एक, घरमालक. दुसरी, तिची कॉलेजातली मैत्रीण, जिचे चार वर्षं उपचार चालू आहेत. मैत्रिणीला लपवायचं म्हणून नव्हे. स्टेटस चाळताना, लोकलमध्ये उभ्या उभ्या, अचानक समोर येऊ नये म्हणून. तिला दोन दिवस आधी वेगळा मेसेज गेला होता, आणि फोनऐवजी मेसेजच. फोनवर समोरच्याला त्याच क्षणी आनंदी आवाज काढावा लागतो. मेसेज वाचून माणूस थोडा वेळ खिडकीबाहेर बघू शकतो. मजकूर एवढाच: ‘तुला बाकीच्यांकडून कळू नये म्हणून आधी सांगतेय, मला दिवस गेलेत. लगेच उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. शनिवारी सगळ्यांना सांगतोय.’ ‘तुझंही लवकर होईल बघ’ हे तिने लिहिलं होतं, ते माझ्या सांगण्यावरून खोडलं. उपचार घेणाऱ्या बाईने ते वाक्य आयुष्यात पुरेसं ऐकलेलं असतं. मैत्रिणीचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं.

एक गोष्ट लोक ठरवत नाहीत, कारण ठरवणं अशुभ वाटतं. बारा आठवड्यांनंतर धोका कमी होतो, संपत नाही. अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास दुसरी मोठी सोनोग्राफी असते, अ‍ॅनोमली स्कॅन, त्यात बाळाचे अवयव एकेक करून तपासतात, आणि तिथे क्वचित वाईट बातमी मिळते. तोवर शे-दोनशे लोकांना गोड बातमी कळलेली असते. मेसेज आपल्याकडून पुसला तरी पुढे गेलेला पुसता येत नाही. अशा वेळी बाईला प्रत्येकाला वेगळं सांगत बसावं लागू नये, यासाठी एक माणूस आधी नेमलेला असावा. दोघांनी भाच्याच्या बहिणीला हे काम दिलं होतं. कुणाकुणाला सांगितलंय याची यादी तिच्याकडे, आणि वेळ आलीच तर काय लिहायचं तेही तिच्याशी बोलून ठेवलेलं: काय झालं ते एका वाक्यात, आणि सध्या फोन करू नका, हे दुसऱ्यात.

त्यांची ती स्कॅन 14 मेच्या आठवड्यात झाली आणि चांगली निघाली. बाळ 29 सप्टेंबरलाच आलं, ऐन नवरात्रात, दसऱ्याच्या तीन दिवस आधी. जन्माची पोस्ट भाच्याने एकट्याने लिहिली, मला न दाखवता, आणि तिच्यात सात उद्गारचिन्हं होती.